रसमलाई घरी करणाऱ्यांनो, चकत्या पाकातून दुधात जाईपर्यंतचे अनुभव लिहा

मृण्मयी_धरमपेठ
पुढच्या महिन्यात वहिनीचं डोहाळजेवण आहे, पंचवीसेक माणसं होतील आणि गोडात रसमलाई घरीच करायची असं ठरलंय. पूर्ण रेसिपी नकोय, ती सगळीकडे मिळते. मला अनुभव पाहिजेत ते मधल्या भागाचे, म्हणजे छेन्याच्या चकत्या पाकात पडल्यापासून दुधात मुरेपर्यंतचे. माझी अडचण अशी आहे की चकत्या पाकात छान फुगतात, फुटत नाहीत, पण रात्रभर दुधात ठेवूनही कापली की मधे पांढरीच, केशराचा रंग फक्त कडेला. बाहेर दूध गोड आणि आत नुसता साखरेचा पाक. कोणाचं असं झालंय का, आणि काय केलं?

वैनगंगा
अगं तुझं दूध पातळ राहून राहिलं असेल. मी तर बासुंदीसारखं दाट करते, मलाई चमच्याला चिकटली पाहिजे, तेव्हाच ती हॉटेलसारखी लागते. आणि चकत्या पिळून घेतेस की नाही? तशाच टाकल्या तर आत पाक भरलेला असते, दुधाला जागा कुठून मिळणार? दोन्ही तळव्यांत धरून हलकेच दाबायच्या, पाक निघाला की लगेच दुधात.

खामल्याचा_भाऊ
आमच्या बाबांना शुगर आहे पण रसमलाई म्हटलं की ऐकत नाहीत. पाकात साखरेऐवजी ते शुगर फ्री टाकलं तर चकत्या फुगतील का? कोणी करून पाह्यलं असेल तर सांगा जी.

मोतीबागवाली
मृण्मयी, वैनगंगाताईंची पिळायची गोष्ट शंभर टक्के बरोबर, पण दाट दुधाचं मला पटत नाही, उलट तिथेच घोळ आहे. माझ्या सासरचे बंगाली, आजेसासरे बीएनआरमध्ये, म्हणजे बंगाल नागपूर रेल्वेत होते म्हणून नागपूरला आले आणि इथलेच झाले, तर सासूबाईंकडून शिकले ते सांगते.

चकतीला आतून बारीक बारीक छिद्रं असतात, दूध त्यातून आत शिरते. बासुंदीएवढं दाट दूध त्यात शिरतच नाही, वरवर बसून राहते. म्हणून चकत्या सोडताना दूध पातळच दिसलं पाहिजे, एक लिटरचं साधारण पाऊण लिटर झालं की गॅस बंद. फ्रीजमध्ये गेल्यावर ते आपोआप दाट होते. सासूबाई म्हणायच्या, ओतताना पातळ, खाताना दाट.

दुसरं म्हणजे दूध गरम पाहिजे. उकळतं नाही, बोट बुडवून दोन सेकंद टिकेल एवढं. आणि चकतीही कोमटच पाहिजे. गार चकती गार दुधात टाकली तर कितीही तास ठेव, तू म्हणतेस तसं कडेलाच रंग चढते. केशर आधी दोन चमचे गरम दुधात वेगळं भिजवून मग घाल.

मृण्मयी_धरमपेठ
मोतीबागवाली ताई, मी चकत्या पाकातच गार करत होते आणि दूध तर फ्रीजमधलंच असायचं! वाटायचं गरम दुधात विरघळतील. पाकाचं प्रमाण काय घेता?

मोतीबागवाली
एक लिटर गाईच्या दुधाचा छेना, त्याच्या बारा-चौदा चकत्या होतात. पाकाला एक वाटी साखर आणि पाच वाट्या पाणी. बोटाला चिकटला नाही पाहिजे, गुलाबजामसारखा तर बिलकुल नाही. पाक दाट असला की तो चकतीतलंच पाणी ओढून घेते आणि ती आकसते, रबरासारखी होते. पसरट भांडं घे, पाक खळखळून उकळला की चकत्या सोड आणि झाकण ठेव. मोठ्या आचेवर बारा-पंधरा मिनिटं. मधे पाणी उडून पाक दाट होत जाते ना, म्हणून शेजारी उकळतं पाणी ठेवायचं आणि सात-आठ मिनिटांनी अर्धी वाटी कडेने सोडायचं. गार पाणी टाकलं की उकळी बसते आणि फुगलेल्या चकत्या चपट्या होतात.

झाली का हे पाहायला एक चकती वाटीभर पाण्यात टाक. तळाशी गेली तर झाली, तरंगली तर अजून दोन-तीन मिनिटं लागतात. बाहेर काढल्यावर थोडी बसतेच, त्याला घाबरू नको.

इतवारीकर
आमचं केटरिंगचं काम आहे, दोनशे-तीनशे नग एका वेळी होतात. ताईंचं बरोबर आहे पण घरच्या लोकांचा माल पाकात नाही, छेन्यातच बिघडते, असा आमचा अनुभव. उकळत्या दुधातच लिंबू पिळतात. गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, मग लिंबाच्या रसात तेवढंच पाणी मिसळून थोडं थोडं टाका, पाणी हिरवट दिसलं की हात थांबवा. लगेच गार पाणी ओता, नाही तर छेना आतल्या आत शिजत राहते आणि मग कितीही मळा, रवाळच राहते.

मळताना तळव्याला जरा तेलकट लागलं की बास. त्याच्या पुढे मळलं की तूप सुटते आणि चकती पाकात फुटते. आम्ही किलोमागे दोन-तीन चमचे मैदा टाकतो, एवढा माल सांभाळायचा तर लागतेच.

मोतीबागवाली
मैद्याला माझा विरोध आहे भाऊ, त्यानं आतली जाळी बंद होते. आधी एकच चकती पाकात सोडून पाहायची. विरघळायला लागली तरच उरलेल्या छेन्यात अर्धा चमचा मैदा, नाही तर नाही.

इतवारीकर
घरी चालते ते. पंगत बसलेली असताना एकेक चकती कोण टेस्ट करत बसेल?

काटोलची_सून
आमच्याकडे घरच्या म्हशीचं दूध असते, पाकिटाचं कोणी आणत नाही. त्याची केली तर कडक झाली, सासरे म्हणाले हे पनीर गोड काऊन लागून राहिलं 😄 मग ओळखीतून गवळाऊ गाईचं दूध मिळालं, वर्ध्याकडचं, त्याचा छेना एकदम लुसलुशीत. फक्त मे महिन्यात फडक्यात टांगला तर बाहेरून कोरडा पडला, आत ओला. आता टांगतच नाही, चाळणीत ठेवून वर छोटं वजन, अर्धा तास, आणि फडकं ओलं ठेवायचं.

वैनगंगा
म्हशीचं दूध आटवायला ठेव, छेना गाईच्या दुधाचा कर, दोन्ही कामी येते. मोतीबागवाली, तुमचं पाऊण लिटरचं करून पाहते, पण आमच्याकडे पातळ दूध पाहून सगळे नाक मुरडतील हे आत्ताच सांगते.

मोतीबागवाली
अर्धं दूध वेगळं दाट करून ठेवा ताई, वाढताना वरून घाला. चकत्या मुरलेल्या असल्या की मग चालते.

आणि खामल्याचे भाऊ, पाक बिनसाखरेचा मी केलेला नाही म्हणून त्याचं सांगत नाही. पण दुधात साखर एकदम कमी घालून पाह्यली आहे, चकतीला पाकाचा गोडवा असतोच, फार काही अडत नाही. बाबांना किती द्यायची ते मात्र डॉक्टरलाच विचारा.

मृण्मयी_धरमपेठ
पंचवीस माणसांना माणशी दोन म्हणजे चार लिटरचा छेना. एकाच भांड्यात करू की दोनदा?

इतवारीकर
चकती दुपटीला येते, दाटी झाली की एकमेकींना दाबून वाकड्या होतात. चार घाणे करा. दरवेळी पाकात उकळतं पाणी टाकून पहिल्याएवढा पातळ करून घ्या, आणि पाक गढूळ दिसला की सरळ नवीन. आदल्या दिवशी संध्याकाळी करून ठेवा, सकाळपर्यंत मुरतात.