अनुभव धागा: 'हे आत्ता नाही, पुढच्या टप्प्यात' क्लायंटला कसं सांगितलंत?

आज टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, "क्लायंटला नाही कसं म्हणायचं?" आणि जुनी यूएटी आठवली. गोदामातला माल मोजायचं ॲप, गो-लाइव्हला दोन आठवडे. क्लायंट म्हणाले, "नेट नसतानाही चाललं पाहिजे. फक्त सेव्ह तर करायचंय!"

वाद न घालता मी डेमो बिल्डमध्ये नोंद फोनवरच साठवायची कच्ची सोय केली. दोन फोन एअरप्लेन मोडवर टाकले. एकाच मालाची संख्या एकावर ४० भरली, दुसऱ्यावर ३५. मग नेट चालू केलं. ३५ वाला नंतर पोचला आणि ४० गुपचूप गायब. क्लायंटनी विचारलं, "मग खरा आकडा कोणता?" म्हटलं, तो नियम तुम्ही ठरवायचा, मग तो तपासायला आम्हाला वेळ लागणार. आत्ता एवढंच देतो: एका रांगेला एकच माणूस, नेट गेलं तर नोंद फोनवर थांबेल, नेट आलं की जाईल. दोघांच्या नोंदी भिडल्या तर निवडायचा स्क्रीन दुसऱ्या टप्प्यात. ऐकलं त्यांनी. तुमचे किस्से येऊ द्या.

चहाटळ: एवढं कशाला? तिप्पट एस्टिमेट द्यायचं, आपोआप गप्प बसतात.

रात्रपाळी: @चहाटळ आमच्याकडे तिप्पटला लगेच "चालेल" आलं 😭 पैसे मिळाले, तारीख तीच राहिली.

जुनाखोड: धागाकर्ते, फोनवर थांबलेल्या नोंदीतही गोम आहे. सर्व्हरने नोंद घेतली पण उत्तर येताना नेट गेलं, तर फोन तीच नोंद परत पाठवतो आणि माल दुप्पट दिसतो. प्रत्येक नोंदीला फोनवरच युनिक आयडी द्या, तो आधीच आला असेल तर सर्व्हरने दुसऱ्यांदा घेऊ नये. व्हर्जन नंबरचा कॉलमही आत्ताच टाकून ठेवा, चालू डेटात नंतर घुसवताना जीव जातो. आणि मेलमध्ये 'दुसरा टप्पा' एवढंच लिहू नका. नियम कोण ठरवणार, एस्टिमेट कधी देणार, तेही लिहा. नाहीतर ते वचन धरलं जातं.

धागाकर्ते: @जुनाखोड दुप्पट नोंदी झाल्याच होत्या. तिसऱ्या दिवशी कळलं, रात्रभर हाताने पुसल्या 🙈

मीच_क्लायंट: मी पलीकडच्या बाजूची. आम्हाला दर वेळी 'फेज टू' ऐकवतात, तो कधी उगवतच नाही. आमच्या हजेरीच्या ॲपलाही नेट लागतं, त्याचं काही करता येईल का?

जुनाखोड: हजेरीत ज्याची नोंद तोच भरतो, भांडण कमी. पण फोनचं घड्याळ मागे करून वेळेवर आल्याचं दाखवतील त्याचं काय?

मीच_क्लायंट: अरे देवा, आमचे करतीलच 😂

रात्रपाळी: मला सेल्सवाल्यांना नाही म्हणायला शिकायचंय. क्लायंट परवडले. बाळ उठलं, नंतर लिहिते.