प्रतिसाद: गोवा वर्षावनात का नाही?

«आमच्या गोव्यात एवढा पाऊस, तरी हवामानाच्या नकाशात वर्षावन नाही. आणि टुंड्रात पाऊस वाळवंटाइतकाच, तरी ते वाळवंट नाही. असं का?»

हा नकाशा पाऊस आणि तापमानावरून हवामानाचे गट पाडणाऱ्या कोपेनच्या पद्धतीचा, आणि तिच्यात पावसाची वर्षाची बेरीज पुरत नाही. वर्षावनासाठी सर्वांत कोरड्या महिन्यातही सरासरी ६० मिमी पाऊस लागतो. पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिमी पडला तरी जानेवारी-फेब्रुवारी जवळजवळ कोरडेच, म्हणून आपण मोसमी गटात.

वाळवंटाची रेषा मात्र तापमानाबरोबर सरकते, कारण उष्ण हवेत पाणी जास्त उडून जातं. आपल्यासारखा बहुतेक पाऊस एप्रिल ते सप्टेंबर या उन्हाळी सहामाहीत पडत असेल, तर वार्षिक सरासरी तापमानाला २० ने गुणायचं, २८० मिळवायचे आणि निम्मे करायचे. पणजीचे २७ अंश धरले तर ४१० मिमी, त्याखाली वाळवंट.

टुंड्राला ही कसोटी लावतच नाहीत. सर्वांत उबदार महिन्याची सरासरी ० ते १० अंशांत आली की निकाल तिथेच, पाऊस बघायचाच नाही.