मित्र आणला की डबा फुकट: बक्षीस द्यायचं का, आणि हिशेब ठेवायचा कसा?

डबेवाली_फोंडा
फर्मागुडीला आमचा डब्याचा धंदा आहे, मी आणि जाऊ मिळून चालवतो. इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं आणि कुर्टीच्या बाजूचे नोकरीवाले मिळून साठेक डबे जातात. महिना २,३४० रुपये, २६ दिवस, एक वेळ. जुन्या गिऱ्हाइकाने नवीन आणला तर त्याला रोख ५०० द्यायचे असं जाऊ म्हणते. द्यावेत का? आणि कोणी कोणाला आणलं ते लक्षात कसं ठेवायचं? सॉफ्टवेअरवाल्याने महिन्याला दीड हजार सांगितले, ते काही परवडत नाही.

कुडचड्याचो_मनीस
अजिबात देऊ नका. इथे टुरिस्ट गाडीवाल्याला दुकानदार कमिशन देतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, म्हणून गाडीवाल्याने "इथलेच काजू घ्या" म्हटलं की कोणी विश्वास ठेवत नाही. उद्या तुमचं पोरगं हॉस्टेलात म्हणालं "ताईंचं हुमण एक नंबर", तर बाकीचे विचारणार, तुला किती सुटतात? आत्ता फुकट बोलतायत ना, बोलू द्या की.

रेश्मा_पणजी
पण म्हणूनच दोघांना द्यायचं ना. आणणाऱ्यालाही आणि येणाऱ्यालाही. मग तो "माझ्या नावाने गेलास तर तुला पण एक डबा फुकट" असं उघड सांगू शकतो, लपवायला काही राहतच नाही. माझ्या पार्लरला हेच चालतं, फेशियलवर दोघींना सूट, कोणीच लाजत नाही, उलट मैत्रिणीला हाताला धरून आणतात.

रिकामटेकडा
कुठलं ॲप आहे हे? रेफर अँड अर्न असेल तर मला पण लिंक पाठवा, ५०० चांगले आहेत.

कुडचड्याचो_मनीस
@रिकामटेकडा ॲप नाही रे बाबा, डबा आहे. वर वाच.

हिशेबी
ताई, एक डबा तुम्हाला पडतो कितीला? बाजार, गॅस, पोचवणारा पोरगा सगळं धरून. त्याशिवाय ५०० जास्त की कमी ते सांगता येणार नाही.

डबेवाली_फोंडा
६२ च्या आसपास. मासळी महाग झाली की वर जातो, पण सरासरी तेवढाच.

हिशेबी
बरं, मग बघा. डबा ९० ला विकता, ६२ ला पडतो, सुटतात २८. गुणिले २६ म्हणजे एका गिऱ्हाइकामागे महिन्याला ७२८. आता रोख ५०० दिले तर ते ५०० च गेले. पण तेच तुम्ही जुन्याला तीन डबे आणि नव्याला एक डबा असे चार डबे फुकट दिले, तर घेणाऱ्यांच्या लेखी ते ३६० रुपयांचं बक्षीस, तुमच्या खिशातून गेले २४८. आपण बनवतो ती वस्तू द्यावी, रोख देऊ नये, हा पहिला मुद्दा.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आणि तो कोणी बघत नाही. समजा स्कीममधून दहा जण आले. त्यातले सहा तसेही येणार होते, कारण पोरं आत्ताही एकमेकांना सांगतायतच, हे तुम्हीच बघताय. म्हणजे स्कीममुळे खरे वाढले चारच, पण बक्षीस दहा जणांमागे गेलं. रोखीत ५,००० भागिले चार, एक खरा नवा माणूस १,२५० ला पडला, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांची कमाई. डब्यात २,४८० भागिले चार, ६२० ला पडला, एका महिन्यात वसूल. आणि दहातले नऊ तसेही येणार असतील तर डब्याचं बक्षीससुद्धा एका माणसामागे २,४८० पडेल, मग कुडचड्याच्या भावाचं म्हणणं बरोबर.

म्हणून स्कीम जाहीर करायच्या आधी महिनाभर नुसतं विचारा, नव्या माणसाला, "कोणाकडून कळलं?" आणि लिहून ठेवा. बक्षिसाचा ब्र काढू नका. तो आकडा हातात असला तर नंतर कळेल की स्कीमने वाढवले किती. आणि जुलै-ऑगस्टला सुरू करू नका, तेव्हा कॉलेजला नवीन पोरं येतात आणि डबा शोधतच असतात, त्यांच्यासाठी बक्षीस देणं म्हणजे दारात आलेल्या माणसाचे दलालीचे पैसे मोजणं. चवथ झाल्यावर किंवा जानेवारीत करा, जेव्हा नवा माणूस आपणहून येत नाही. फक्त महिनाभर विचारायचं तेही तशाच थंड काळात विचारा, नाहीतर तुलना चुकेल.

रेश्मा_पणजी
एवढा हिशेब कोण करणार हो, डबे भरायचे की तक्ते? माझ्याकडे वही आहे, जी आली तिचं नाव आणि पुढे आणणारीचं नाव, झालं.

हिशेबी
वही उत्तमच आहे, पार्लरला रोज किती नव्या येतात त्यावर अवलंबून. यांच्याकडे साठ डबे आहेत आणि हॉस्टेलात तीन रोहन असणार, तिथे नावावर भांडण ठरलेलं.

सावंतवाडी_ते_म्हापसा
मी म्हापशात बाईक सर्व्हिसिंगला हेच चालवतो म्हणून सांगतो, गुगल शीट आणि व्हॉट्सॲप, खर्च शून्य. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक कोड द्या, G01, G02 असे. मग त्याची लिंक बनवा:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=G17
```

X च्या जागी तुमचा धंद्याचा नंबर, पुढे प्लस नाही, मध्ये गॅप नाही. G17 वाल्या पोराने ही लिंक मित्राला पाठवली आणि मित्राने दाबली की तुमचं चॅट उघडतं आणि मेसेजच्या जागी G17 आधीच टाईप झालेलं असतं, त्याने फक्त पाठवायचं. चॅटमध्ये तारखेसकट पुरावा राहतो, नंतर "मीच आणला होता" असं कोणी म्हटलं तर वर सरकवून दाखवायचं.

शीटमध्ये 'नोंद' नावाचं एक पान. A तारीख, B नव्याचा कोड, C नाव, D कोणाच्या कोडने आला, E पहिला महिना भरला, F दुसरा महिना भरला. दुसऱ्या पानावर A मध्ये सगळे कोड, B मध्ये त्याला आतापर्यंत दिलेले फुकट डबे, आणि C मध्ये हे:

```
=COUNTIFS('नोंद'!D:D,A2,'नोंद'!F:F,"हो")*3-B2
```

किती डबे देणं बाकी ते आपोआप येतं. एकच काळजी, "G17" आणि "G 17" हे शीटला वेगळे वाटतात, मग बाकी शून्य दाखवतं आणि पोरगं येऊन कटकट करतं. D च्या रकान्याला डेटा व्हॅलिडेशनने ड्रॉपडाऊन लावून टाका म्हणजे हाताने टाईप करायचाच नाही. F ला पण लावा, नाहीतर जाऊबाई "होय" लिहितील आणि ते मोजलं जाणार नाही.

डबेवाली_फोंडा
हे जमेल असं वाटतं. पण दुसरा महिना कशाला, पहिला भरला की दिलं तर?

सावंतवाडी_ते_म्हापसा
कारण पहिला महिना दोस्तीखातर कोणीही भरतो. माझ्याकडे पहिल्या सर्व्हिसिंगलाच देत होतो, तेव्हा एकदा आलेले परत तोंड दाखवत नसत. आणि तुमच्याकडे अजून एक होणार, एकाच रूममधला जुना गिऱ्हाईक महिनाभर डबा बंद करणार आणि दुसऱ्या सिमवरून पार्टनरच्या कोडने "नवीन" म्हणून येणार. फोन नंबरावर पकडता येत नाही ते. डबा पोचवणाऱ्या पोराला विचारा, तो चेहऱ्याने ओळखतो, रूम नंबर पण नोंदीत लिहा. कोड पहिल्या पैशाच्या आधीच सांगायचा हा नियमही आधी जाहीर करा, मागाहून आठवलेले कोड चालणार नाहीत म्हणावं.

कुडचड्याचो_मनीस
आणि एखाद्याने ती लिंक दोनशे पोरांच्या हॉस्टेल ग्रुपवर टाकली तर? त्याला महिनोन्महिने फुकट जेवायला घालणार? ह्याला मित्र आणणं नाही म्हणत, जाहिरात म्हणतात.

सावंतवाडी_ते_म्हापसा
एका कोडवर सत्रात पाच जण, बस. पाचाच्या वर आलेल्या नव्याला त्याचा एक डबा द्या, आणणाऱ्याला आभार.

मडगाव_कट्टा
मी म्हणतो साखळी करा. G17 ने आणलेल्याने आणखी कोणी आणला तर G17 ला पण एक डबा. मग बघा कसे पसरतात.

हिशेबी
नको. वरच्याला खालच्या भरतीचं द्यायला लागलात की मनी सर्क्युलेशनच्या वाटेला लागलात, त्यावर बंदीचा कायदा १९७८ पासून आहे. डब्यासाठी कोणी पोलीस पाठवणार नाही, पण पोरांच्या आईबापांना नुसता वास आला तरी नाव गेलं. एकच पायरी ठेवा.

बाकी एक सांगतो, जर्मनीतल्या एका बँकेच्या गिऱ्हाइकांवरचा अभ्यास २०११ साली जर्नल ऑफ मार्केटिंगमध्ये आला होता. बँक आणणाऱ्याला २५ युरो द्यायची, आणि ओळखीतून आलेली माणसं बाकीच्यांपेक्षा जास्त टिकली, बँकेला कमाईही जास्त देऊन गेली. म्हणजे बक्षीस दिलं की वाईटच गिऱ्हाईक येतं असं नाही.

कुडचड्याचो_मनीस
बँकेचं खातं कोणी रोज चाखून बघतं का? डब्यात एक दिवस शीत कच्चं राहिलं की एका रूममधले चौघे एकदम बंद करतात, कारण चौघे एकमेकांना घेऊनच आलेले असतात. दोस्तीने आलेले दोस्तीनेच जातात, तुमचा तक्ता ते दाखवत नाही.

हिशेबी
हा मुद्दा खरा आहे. रूम नंबर लिहिणारच आहात तर सोडलेल्यांची तारीखही त्याच ओळीत लिहा, एका रूमचे एकदम गेले तर दिसेल. पण त्यावर उपाय स्कीमकडे नाही, तो स्वयंपाकघरात.

आगोंदचा_होमस्टे
माझा प्रश्न जरा वेगळा. माझे पाहुणे वर्षातून एकदा येतात, फुकट रात्र देऊन त्यांना काय उपयोग? त्यांनी पाठवलेले लोक मात्र येतात दरवर्षी. ह्यांना काय द्यायचं?

रेश्मा_पणजी
काजू पाठवा कुरियरने.

आगोंदचा_होमस्टे
कुरियरच काजूपेक्षा महाग पडेल बाय.

डबेवाली_फोंडा
सगळ्यांचे आभार. जाऊला ६२० आणि १,२५० दाखवले, रोख द्यायचं तिने सोडलं. आता महिनाभर नुसतं विचारून लिहिणार आहोत. फक्त ती म्हणते नव्याला डबा कशाला, सगळे चार डबे जुन्यालाच द्या, जोर तोच लावणार आहे ना?

रेश्मा_पणजी
नव्याला दिलाच पाहिजे, नाहीतर कमिशनचा वास येतो, वर सांगितलंय.

हिशेबी
हे मलाही ठामपणे सांगता येणार नाही. दोन हॉस्टेलांत वेगवेगळं करून बघता आलं असतं, पण पोरं एकमेकांना विचारतात आणि मग भांडण तुमच्या दारात.

कुडचड्याचो_मनीस
मी अजूनही म्हणतो कोणालाच देऊ नका. महिन्याची नोंद झाली की इथे टाका, मग बोलू.