अनुभव धागा: फोटोतल्या भाडेकरारातून भाडं, डिपॉझिट, नोटीस आणि लॉक-इन कसं काढलंत?

पाचवंपान

करारावर सह्या होतात, मूळ प्रत मालकाकडे जाते आणि आपल्याकडे उरतात ते मोबाइलमधले फोटो. त्या फोटोंवरून भाडं, डिपॉझिट, नोटीस आणि लॉक-इन एवढ्या चार गोष्टींची छोटी यादी तुम्ही कशी केलीत, कुठे फसलात, हे सांगा. माझं आधी सांगते, कारण माझी यादी दिसायला नेटकी होती आणि तरीही तिने मला एका महिन्याच्या भाड्याला बुडवलं.

करार पाच पानी, १० ऑगस्ट २०२३ पासून २४ महिन्यांचा. त्याच संध्याकाळी मी वहीत लिहिलं: भाडं १८,५००, डिपॉझिट ६०,०००, लॉक-इन ६ महिने, नोटीस १ महिना. पुढे बदली झाली. लॉक-इन ९ फेब्रुवारी २०२४ ला संपतंय, म्हणून १० जानेवारीला लेखी नोटीस दिली आणि ९ फेब्रुवारीला किल्ली मालकांच्या हातात ठेवली. डिपॉझिट परत आलं ४१,५००.

मी भांडायच्या तयारीनेच फोटो उघडले. नोटिशीचं कलम १४ तिसऱ्या पानाच्या तळाशी होतं: "एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपुष्टात आणता येईल." पुढे पूर्णविराम आणि पान संपलेलं, म्हणून कलमही संपलं असं मी धरलं होतं. चौथ्या पानाच्या फोटोत वरच्या दोन ओळींवर माझ्याच हाताची सावली पडली होती. उजेड वाढवून मोठं करून पाहिलं, तर तिथे होतं: "मात्र सदर नोटीस लॉक-इन कालावधी पूर्ण झाल्यानंतरच देता येईल." म्हणजे नोटीस १० फेब्रुवारीच्या आधी देताच येत नव्हती आणि भाडं ९ मार्चपर्यंत लागणार होतं. मालकांनी कापलेले १८,५०० करारानुसार बरोबर होते.

आता तीच यादी मी अशी लिहीन:

भाडं: १८,५००, दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत. १० ऑगस्ट २०२४ पासून ५ टक्के वाढून १९,४२५. (कलम ४, पान २)
डिपॉझिट: ६०,०००, बिनव्याजी. किल्ली दिल्यापासून १५ दिवसांत परत, थकबाकी आणि मोडतोड वजा करून. (कलम ६, पान २)
लॉक-इन: १० ऑगस्ट २०२३ ते ९ फेब्रुवारी २०२४. आधी सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं. (कलम १३, पान ३)
नोटीस: १ महिना, लेखी, लॉक-इननंतरच. लवकरात लवकर नोटीस १० फेब्रुवारी, लवकरात लवकर बाहेर ९ मार्च २०२४. (कलम १४, पान ३ तळ आणि पान ४ माथा)

दस्तलेखक

बाई, तुमची दुसरी यादी उत्तम आहे. मी बरीच वर्षे करार टंकले आहेत, म्हणून दुसऱ्या टोकाकडून सांगतो. करार कोऱ्या कागदावर कोणी रचत नाही. जुना मसुदा उघडतात, नावे, तारखा आणि रकमा बदलतात. त्यामुळे एकच गोष्ट दोनतीन जागी येते आणि एखादी जागा बदलायची राहून जाते. नोटीस कलम १४ मध्ये एक महिना असते आणि शेवटच्या परिशिष्टात आधीच्या कोणाच्या तरी करारातली दोन महिने तशीच राहिलेली असते. पहिला आकडा सापडला की शोध थांबवू नये. शेवटच्या पानापर्यंत जावे आणि तोच आकडा पुन्हा कुठे येतो ते पाहावे. दोन जागी दोन आकडे दिसले, तर यादीत दोन्ही लिहावेत, कलमांसकट. आपल्या मनाने एक निवडून दुसरा गाळला, की ती यादी कराराची राहत नाही.

वाचताना बोट ठेवावे ते "मात्र", "परंतु", "वगळता" आणि "च्या अधीन राहून" या शब्दांवर. आकडा वाक्याच्या पहिल्या भागात असतो, पण तो कधी लागू होतो हे या शब्दांच्या पुढे असते. "कलम १३ च्या अधीन राहून एक महिन्याची नोटीस" असे लिहिले असेल, तर कलम १३ वाचल्याशिवाय त्या एक महिन्याला अर्थ नाही.

आणि आधी कलमांचे क्रमांक मोजावेत. १, २, ३ करत गेल्यावर ९ नंतर थेट १२ आले, तर मधल्या पानाचा फोटोच काढलेला नाही. हे तपासायला अर्धे मिनिट पुरते. मी लोकांना चार पानांच्या फोटोंवरून पाच पानांच्या करारावर वाद घालताना पाहिले आहे.

तिसरामजला

आमच्या करारात आकड्यात डिपॉझिट ७५,००० आणि अक्षरी "सत्तावन्न हजार" होतं. अशा वेळी अक्षरी रक्कमच धरायची असते. यादीत ५७,००० लिहायचं, विषय संपला.

दस्तलेखक

विसंगती असली की साधारणपणे अक्षरी रक्कम ग्राह्य धरतात, इतपत तुमचे बरोबर. पण विषय संपत नाही. तुम्ही प्रत्यक्षात किती दिलेत? ७५,००० दिले असतील आणि पावती किंवा बँकेची नोंद तसे सांगत असेल, तर अक्षरी रकमेवर बोट ठेवून तुमचेच १८,००० अडकतील. यादीत दोन्ही रकमा लिहा, शेजारी प्रत्यक्ष दिलेली रक्कम आणि तारीख लिहा, आणि दुरुस्ती करून दोघांच्या सह्या घ्या. हे घर सोडताना करण्याचे काम नाही, आत्ताच करा.

तिसरामजला

७५ च दिले होते. आजच फोन करतो.

घरबदल

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मालक दोन महिने झाले तरी डिपॉझिट देत नाहीत, रंगकामाचं बिल दाखवतात. काय करावं?

पाचवंपान

ते वसुलीचं झालं, इथे आपण करारात काय लिहिलंय ते काढण्याबद्दल बोलतोय. पण तुमच्या फोटोत डिपॉझिटचं कलम पूर्ण वाचा. रक्कम कशाकशासाठी कापता येईल त्यात "रंगकाम" हा शब्द आहे का, आणि परत करायची मुदत किती दिवसांची आहे?

घरबदल

"नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून नुकसानभरपाई" असं आहे. मुदत कुठेच दिसत नाही.

पाचवंपान

मग यादीत "मुदत: लिहिलेली नाही" अशी ओळच घाला. जागा रिकामी सोडली, तर नंतर तुम्हालाच वाटेल की बघायचं राहिलं होतं. आणि झीज वगळल्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा. मालकांशी बोलताना तेच समोर ठेवता येतील.

कमांडलाईन

मी फोटो डोळ्यांनी वाचत बसत नाही. आधी मजकूर काढतो, मग शब्द शोधतो. टेसरॅक्ट हा त्यासाठीचा प्रोग्राम फुकट आहे, मराठीची भाषा-फाइल वेगळी बसवली की मराठी आणि इंग्रजी दोन्ही चालतं:

```
tesseract pan4.jpg pan4 -l mar+eng --psm 6
grep -n -E "नोटीस|लॉक|अनामत|डिपॉझिट|मात्र|परंतु" pan4.txt
```

पहिल्या ओळीने `pan4.txt` तयार होते, दुसरी ते शब्द असलेल्या ओळी क्रमांकासकट दाखवते. त्या ओळी फोटोत नेमक्या कुठे आहेत ते मग सरळ गाठता येतं. ठरावीक शब्दांसाठी चाळीस मिनिटांचं काम पाच मिनिटांवर येतं.

पण आकड्यांच्या बाबतीत मी त्याच्यावर अजिबात विसंबत नाही. फोटो तिरका असला की १ चा ९ होतो. "१८,५००/-" मधली तिरपी रेघ आकड्याला चिकटून एक अंक वाढतो. रकमेवर गोल शिक्का उमटला असेल, तर तिथे काय येईल ते सांगताच येत नाही. म्हणून मजकुरातून फक्त जागा शोधायची आणि आकडा फोटो मोठा करून स्वतः वाचायचा. शिवाय शब्दच चुकीचा वाचला गेला असेल, तर शोधात ती ओळ येतच नाही. "नोटीस"चं "नाटीस" झालं की गेली. काही सापडलं नाही म्हणजे करारात काही नाही, असं धरू नका.

जुनीवही

मला कमांड वगैरे जमत नाही. मी प्रत्येक पानाचे दोन फोटो काढते, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा, मधल्या चारपाच ओळी दोन्हींत येतील असे. कागद खिडकीशी सपाट ठेवते, फ्लॅश बंद, कारण फ्लॅशचा पांढरा डाग नेमका मजकुरावर पडतो. फोटो काढल्यावर जागेवरच प्रत्येक पानाची पहिली आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचते. वाचता आली नाही, तर कागद हातात असतानाच पुन्हा काढते.

पाचवंपान

ही पहिली-शेवटची ओळ वाचायची सवय मला असती, तर सावली त्याच दिवशी दिसली असती.

मालकबाजू

मी घर भाड्याने देतो, म्हणून माझी बाजू. तुमच्या यादीत लॉक-इन कोणावर आहे ते लिहिलेलं नाही. माझ्या करारात "दोन्ही पक्षांना लॉक-इन काळात करार संपुष्टात आणता येणार नाही" असं आहे, म्हणजे मीसुद्धा त्या काळात घर रिकामं करा म्हणू शकत नाही. काही करारांत फक्त "भाडेकरूस" असं असतं. एका शब्दाचा फरक आहे, पण "लॉक-इन ६ महिने" एवढंच लिहिलं की तो हरवतो.

पाचवंपान

आत्ता फोटो उघडून पाहिला. माझ्या कलम १३ मध्ये "भाडेकरूस" एवढंच आहे. यादीत घालते.

दोनसह्या

माझं गणित सुटलेलं नाही. लॉक-इन "कराराच्या तारखेपासून" ६ महिने असं लिहिलंय. करारावर तारीख २५ जुलैची, राहायला आलो १० ऑगस्टला आणि भाडंही १० ऑगस्टपासून. लॉक-इन २४ जानेवारीला संपतं की ९ फेब्रुवारीला? मालक म्हणतात ९ फेब्रुवारी.

दस्तलेखक

शब्दशः पाहिले तर २४ जानेवारी. पण पहिल्याच पानावर "कराराची तारीख म्हणजे" अशी व्याख्या काही मसुद्यांत असते आणि ती ताबा दिल्याचा दिवस सांगते. पहिल्या पानाचा फोटो आहे का?

दोनसह्या

आहे, पण शिक्क्याखालच्या तीन ओळी लागत नाहीत. मालकांकडे मूळ प्रत मागितली आहे. तोपर्यंत यादीत दोन्ही तारखा ठेवतो.