पदर नेमका कधी पेटतो

"सुती साडी नेसून स्वयंपाक केला तर भीती नाही ना?"

ताई, सुती कापडही पेटतंच, पातळ मलमल तर भराभर. सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं, म्हणून त्यापेक्षा सुती बरं, एवढंच. खरा धोका सैल टोकाचा. मागच्या बर्नरवरचं झाकण उचलायला वाकलं की पदर पुढच्या ज्योतीवर येतो, आणि मंद निळी ज्योत भर उजेडात चटकन दिसत नाही. म्हणून पदर मागून फिरवून कमरेला घट्ट खोचा. ओढणी काढूनच ठेवा, बाह्या कोपराच्या वर दुमडा. पेटलंच तर कृपा करून पळू नका, वाऱ्याने आग भडकते. तिथेच आडवं होऊन लोळा. मग भाजल्या जागेवर 20 मिनिटं नळाचं पाणी सोडा, चिकटलेलं कापड मात्र ओढू नका, आणि लगेच दवाखाना गाठा.