आधी √4 वर चालवून बघा
"√2 अपरिमेय असल्याची सिद्धता तीनदा पाठ केली, तरी आठवड्यात विसरलो. सराव कसा आखू?"

पहिल्या दिवशी सिद्धता एकदाच सावकाश वाचा आणि ती कुठल्या ओळीवर उभी आहे तेवढंच शोधा. इथे √2 = p/q मानलं, तर ती ओळ म्हणजे p² सम असेल तर p सुद्धा सम. ती का खरी, हे स्वतःच्या शब्दांत लिहा (विषम संख्येचा वर्ग विषमच येतो) आणि वही मिटा.

दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर लिहा. अडलात तर पुढची एकच ओळ बघा.

खरी परीक्षा चौथ्या दिवशी. तीच सिद्धता √4 वर चालवा. √4 म्हणजे 2, तेव्हा ती कुठेतरी मोडायलाच हवी. p² = 4q² इथवर सगळं ठीक. पुढे "p² ला 4 ने भाग जातो, म्हणून p लाही जातो" असं लिहाल, तिथे p = 2 घालून बघा. वर्गाला भाग जातो, 2 ला जात नाही. ही जागा स्वतःला सापडली नाही, तर पाठांतराला हात लावू नका, पहिल्या दिवसाच्या ओळीकडे परत जा. माझ्या मते हा दिवस कधीच गाळू नये.

सापडली की आठवड्याच्या शेवटी मांडणी पाठ करा. p आणि q यांना 1 सोडून सामाईक अवयव नाही, हे गृहीतक सुरुवातीलाच लिहा. ते राहिलं तर शेवटी विसंगती कशाशी येते तेच सांगता येत नाही.