भागायचं ८०० नी, १००० नी नाही

> "डायरेक्ट मेथडने वाटले तर मेंटेनन्सचे १२,००० उरतातच, चुकतंय कुठे?"

तुम्ही कँटीनचे तास पण धरलेत, तिथेच गडबड आहे. मेंटेनन्सचा खर्च ६०,००० आणि तास मशिनिंगचे ५००, असेंब्लीचे ३००, कँटीनचे २००, पण डायरेक्ट मेथडमध्ये सर्व्हिस डिपार्टमेंटचा खर्च फक्त उत्पादन करणाऱ्या डिपार्टमेंटवरच वाटतात आणि कँटीन स्वतःच सर्व्हिस डिपार्टमेंट, त्यामुळे या पद्धतीत ते २०० तास सरळ सोडून द्यायचे आणि ८०० नी भागायचं. तासाला ७५ येतात, म्हणजे मशिनिंगवर ३७,५०० आणि असेंब्लीवर २२,५००, झाले पूर्ण ६०,०००. १००० नी भागलं की रेट ६० येतो आणि ४८,०००च वाटले जातात, तुमचे उरलेले १२,००० ते हेच. कँटीनचा खर्चही असाच, फक्त या दोघांच्या माणसांच्या संख्येवर वाटा, मेंटेनन्सची माणसं त्यात मोजू नका. आता कँटीनने खरंच २०० तास वापरलेत आणि त्याचा हिशोब कुठेच दिसत नाही, हे मलाही खटकतं, तिथे स्टेप मेथड बरी, त्यात एका सर्व्हिस डिपार्टमेंटचा खर्च दुसऱ्या सर्व्हिस डिपार्टमेंटवरही वाटला जातो.